द, द, द : एलियटने प्रजापतीचा क्रम का बदलला?

सड्यावरची
मे संपत आलाय. आमच्या गुहागरकडे रोज संध्याकाळी ढग दाटतात, गडगडतात आणि एक थेंब न टाकता समुद्रावर निघून जातात. परवा अशाच वेळी पडवीत बसून परीक्षेचं वाचत होते. बाहेरून एम.ए. करतेय, विषय इंग्रजी. टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही १९२२ची कविता लावलीय, तिचा पाचवा आणि शेवटचा भाग, 'मेघगर्जना काय म्हणाली'. गंगा आटलीय, पानं मलूल होऊन पावसाची वाट बघतायत, लांब हिमवंतावर काळे ढग जमलेत. आणि मग ढग बोलतो, "द". त्यातून तीन शब्द येतात: दत्त, दयध्वम्, दम्यत.

मी मोठ्याने वाचलं तर आतून बाबांचा आवाज, "चुकत्येस. आधी दाम्यत. आणि दा दीर्घ." बाबांनी जन्मभर भिक्षुकी केली. एलियट कोण हे त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही.

मग त्यांनी गोष्ट सांगितली. बृहदारण्यक उपनिषदातली, पाचव्या अध्यायातली. प्रजापतीची तीन प्रकारची मुलं, देव, माणसं आणि असुर. तिघांनी बापाकडे राहून ब्रह्मचर्य केलं. संपल्यावर देव म्हणाले, आम्हाला काही सांगा. तो एकच अक्षर बोलला, "द". कळलं का? देव म्हणाले, कळलं, दाम्यत, स्वतःला आवरा. माणसांनाही "द"च सांगितलं. त्यांना ऐकू आलं दत्त, द्या. असुरांनाही "द"च, त्यांनी ऐकलं दयध्वम्, दया करा. ढग गडगडतो तेव्हा तीच दैवी वाणी अजून म्हणत असते, द द द.

म्हणजे पोथीत क्रम दाम्यत, दत्त, दयध्वम्. एलियटकडे दत्त, दयध्वम्, दम्यत. हे मुद्दाम आहे की गडबड? मुद्दाम असेल तर त्याने कवितेत नेमकं काय बदलतं? माझ्या गाईडात "भारतीय तत्त्वज्ञानाचा प्रभाव" एवढं लिहून विषय संपवलाय.

देवगड_पेटी
मेच्या शेवटी ढग गडगडला की बागायतदाराला एकच द ऐकू येतो. दर पडला.

परशुरामपुत्र_७
अभिमान वाटला वाचून. शेवटी त्यांना आपल्याच ग्रंथांकडे यावं लागतं. आपलं उचलायचं, नाव बदलायचं आणि नोबेल घ्यायचं! क्रम बदलला कारण चोरी ओळखू येऊ नये.

केतकी
@परशुरामपुत्र, चोर घरमालकाचा पत्ता लिहून ठेवत नाही. एलियटने कवितेला स्वतः टिपा जोडल्यात आणि त्यात बृहदारण्यकाचं नाव आहे. पहिल्यांदा ऑक्टोबर १९२२मध्ये मासिकात आली तेव्हा टिपा नव्हत्या, डिसेंबरात पुस्तक निघालं तेव्हा आल्या. शिवाय तो फक्त "आपलं" घेत नाही. त्याच भागात बायबल आहे, दान्ते आहे, शेक्सपिअर आहे. मिसळीच्या ताटात एक फरसाण आपलं दिसलं म्हणून ताट आपलं होत नाही.

बाकावरचा_शेवटचा
त्याला संस्कृत तरी येत होतं का? की कुठलं भाषांतर वाचून ठोकून दिलंय?

जुनी पोथी
येत होतं. हार्वर्डला लॅनमन यांच्याकडे दोन वर्षं संस्कृत आणि वुड्स यांच्याकडे एक वर्ष पतंजली, असं त्याने स्वतःच सांगितलंय. पंडित नव्हता, पण ऐकीव माहितीवर लिहिणाराही नव्हता.

सड्यावरची, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. दाम्यतमधला दा दीर्घच. दम् धातूचं रूप तसंच होतं. रोमन लिपीत खुणा दिल्या नाहीत की तो ऱ्हस्व दिसतो, तो एलियटचा अपराध धरू नका. गोष्ट पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या ब्राह्मणात, म्हणजे दुसऱ्या पोटभागात आहे. एलियटच्या टिपेत मात्र पाच-एक असं लिहिलंय. तेवढी चूक त्याची खरी.

बाकावरचा_शेवटचा
झालं की मग! ज्याला आकडा नीट लिहिता येत नाही त्याच्या क्रमात कसला अर्थ शोधताय? विसरला असेल.

जुनी पोथी
आकडा चुकणं निराळं. टिपेत तो त्या गोष्टीच्या जर्मन भाषांतराचा पानासकट हवाला देतो, म्हणजे मजकूर त्याला सहज बघता येत होता. आणि हे तीन शब्द कवितेत दोनदा येतात. एकदा ढगाच्या तोंडी, सुटे सुटे, आणि मग अगदी शेवटी ओळीने. दोन्ही वेळा क्रम तोच. विसरलेला माणूस एवढा पक्का नसतो.

शुभांगी_मालवण
मला धाग्याचं नाव वाचून वाटलं की जुन्या पुराणकथेवर नवी कविता कशी करायची असा विषय आहे, म्हणून माझी एक देतेय. चुकत असेन तर उडवा. आमच्याकडे किनाऱ्यावरची माडांची रांग दरवर्षी एकेक करून समुद्रात जाते, त्यावर केलेली.

बाण मारून तू दर्या मागे सारलंस,
दर्या काय विसरलो नाय.
दर पावसात येक माड घेता
आणि मोजता, किती रवले.

देवगड_पेटी
शुभांगीताय, शेवटची ओळ अंगार इली. आमच्या दशावतारात असा कोण बोलला तर लोक खुर्चेरसून उठतीत.

केतकी
विषय चुकलेला नाही, उलट मदतच झाली. तुझ्या कवितेत परशुरामाचं नावसुद्धा नाही. "बाण" म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. आणि गोष्ट नुसती परत सांगितलेली नाहीस. पुराणात बाण पडला, समुद्र हटला, गोष्ट संपली. तू समुद्राकडून बघितलंस आणि ती व्यवहारासारखी उघडी पडली. जमीन दान नव्हती, उधार होती. बाण काढून टाकला तर "मोजता" या शब्दाला अर्थच उरत नाही. समुद्र माडं पाडतोय, एवढी बातमी राहील. जुनी कथा कवितेत शोभेला ठेवलीय की काम करतेय, हे मी असंच बघते. काढून बघायची.

आता एलियटकडे हेच करा. पहिल्या "द"खाली तो विचारतो, आपण काय दिलं? आणि उत्तर म्हणून एका क्षणात स्वतःला देऊन टाकण्याचं धाडस सांगतो, जे सगळ्या आयुष्याच्या शहाणपणालाही परत घेता येत नाही. ते मृत्युलेखात सापडत नाही, की रिकाम्या खोल्यांत वकील मृत्युपत्राचं सील फोडतो त्यातही नाही. म्हणजे देणं म्हणजे वाटणी नाही, इस्टेट नाही. उपनिषद काढलं तर ही नुसती हळवी आठवण आहे. उपनिषद ठेवलं तर ती एका आज्ञेसमोर दिलेली साक्ष होते. ढगाने विचारलंय, उत्तर द्यायचंय.

सड्यावरची
@केतकी, हे गाईडात नाही! दुसऱ्या "द"चं काय? तिथे किल्ली कुठून येते ते मला लागत नाही.

केतकी
किल्ली दान्तेकडून. दान्तेच्या नरकात उगोलीनो नावाचा सरदार भेटतो. त्याला मुलांसकट मनोऱ्यात कोंडून दार कायमचं बंद केलेलं असतं, आणि सगळे उपाशी मरतात. ते दार बंद झाल्याचं त्याने आतून ऐकलेलं असतं. एलियटचा माणूस म्हणतो, मी किल्ली फिरताना ऐकली, एकदाच. मग तो पुढे सरकतो, की आपण प्रत्येक जण आपल्या कोठडीत किल्लीचाच विचार करत बसलोय, आणि त्या विचारानेच कोठडी पक्की होतेय.

गंमत बघ, आज्ञा उपनिषदाची आणि चित्र दान्तेचं. उपनिषदात "दया करा" असुरांना सांगितलंय, कारण ते क्रूर. इथला माणूस क्रूर नाही, बंद आहे. दुसऱ्याचं दुःख त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे असुरपणाची व्याख्याच बदलली. हे एकट्या उपनिषदाने झालं नसतं आणि एकट्या दान्तेनेही नाही.

परशुरामपुत्र_७
पण मूळ आपलंच ना? एवढं तर मान्य करा.

केतकी
गोष्ट बृहदारण्यकाचीच. कोण नाही म्हणतंय?

नाखवा
मी कविता वाचणारा माणूस नाही. मुलगी ह्या साइटवर असते, तिने मोबाइल हातात दिला, म्हणाली तिसऱ्यात होडी आहे, वाच. तिने अर्थ सांगितला तो असा, की शीड आणि वल्हं जाणणाऱ्या हाताला होडीने आनंदाने साथ दिली, समुद्र शांत होता.

एवढं मी सांगू शकतो, की हे लिहिणारा होडीत बसलेला आहे. आता इंजिनं आली, पण माझ्या वडिलांच्या हाताखाली मी शिडाची होडी चालवलीय. नवा पोरगा वारा आला की दोर ताणून धरतो. होडी कलंडते ती तिथेच. झुळूक जोरात आली की दोर थोडा सोडायचा, सुकाणू चिमटीत धरल्यासारखं धरायचं. होडी तुम्हाला सांगते, हाताला कळतं. वडील म्हणायचे, तिला ओढू नको, तिचं ऐक. मग तीच तुझं ऐकेल. "आवरणं" म्हणजे हेच असेल तर कवीला बरोबर कळलंय.

जुनी पोथी
नाखवा, चाळीस वर्षं दमाचा अर्थ शिकवताना मला हे उदाहरण सुचलं नाही. शाळेत लगाम आणि घोडे सांगायचो.

रेवदंड्याची_रेवा
मला इथेच खटकतंय आणि कोणी बोलत नाहीये. उपनिषदातला दम स्वतःवरचा आहे. देवांनी स्वतःला आवरायचंय. एलियटकडे पुढची ओळ काय येते? तुझं हृदयही असंच खुशीने ऐकलं असतं, बोलावल्यावर, आवरणाऱ्या हातांच्या तालावर धडधडलं असतं. म्हणजे आवरणारा हात माझा आणि आवरायचं हृदय दुसऱ्या कुणाचं. बहुधा बाईचं. स्वतःला आवर म्हणणारी आज्ञा फिरवून दुसऱ्याला वळवायची केली की हो! त्याने टिपेत अर्थ देतानाही नुसतं "नियंत्रण" म्हटलंय, कुणावर ते नाही. होडी छान आहे, पण बायको म्हणजे होडी नव्हे.

नाखवा
ताई, होडी पण ऐकायची नसली की ऐकत नाही.

केतकी
रेवा, तू वाचतेस तसं वाचता येतं, मी नाकारणार नाही. पण क्रियापद बघ. होडीने साथ दिली, हे घडलेलं. हृदयाने "ऐकलं असतं", हे न घडलेलं. मराठीत तर "असतं" लावलं की गोष्ट हुकलीच. माझ्या मते तो सत्ता गाजवत नाहीये, हुकल्याचं सांगतोय. समुद्रावर जमलं ते माणसाशी जमलं नाही.

रेवदंड्याची_रेवा
हुकलं याचं दुःख आहे, पण काय हुकलं? तिने ऐकलं असतं, हेच ना? मी माझ्या म्हणण्यावर ठाम.

सड्यावरची
क्रम राहिला बाजूला! अण्णा, तुमचं मत?

जुनी पोथी
मी दोन गोष्टी सांगतो, पटतील त्या घ्या.

शंकराचार्यांनी या गोष्टीवरच्या भाष्यात एक पर्याय दिलाय. देव आणि असुर म्हणून कुणी निराळे शोधायला नकोत, माणसांतच बघा. बाकी गुण चांगले पण स्वतःला आवरता येत नाही ते देव, लोभी ती माणसं, हिंसा करणारे ते असुर. म्हणून तिन्ही आज्ञा माणसालाच. एलियटच्या कवितेत देव नाहीत, असुर नाहीत, एकच थकलेला माणूस तिन्ही "द" ऐकतो. हे त्याने मोडतोड करून केलं असं म्हणायचं कारण नाही. ती वाट परंपरेतच होती. भाष्य त्याने वाचलं होतं की नाही, यावर माझा मुद्दा अडत नाही.

आता क्रम. पोथीत देव, माणूस, असुर, म्हणजे वरून खाली. एलियटकडे माणूस, असुर, देव. माणसापासून सुरुवात, मग कोंडलेला मनोरा, मग मोकळं पाणी. दान्ते मनात ठेवून लिहिणाऱ्याला आधी नरक आणि मग वर, हा रस्ता सवयीचा. किल्लीनंतर होडी आली की श्वास सुटतो. पोथीचा क्रम ठेवला असता तर होडी आधी आली असती आणि शेवट कोठडीत झाला असता.

बाकावरचा_शेवटचा
हे पटण्यासारखं आहे. पण मग शेवट चांगला होतो म्हणायचं का? पाऊस पडतो का त्या कवितेत?

देवगड_पेटी
गर्जेल तो पडेल काय.

केतकी
देवगड, तू गमतीत म्हणालास, पण त्याच भागात आधी कोरडा, वांझ गडगडाट येऊन गेलाय, पावसाशिवायचा. पुढे पाऊस आणणारी एक ओली झुळूक येते, लगेच गंगा आटलेली आणि पानं वाट बघत. "द" झाल्यावर पाऊस पडला असं कुठेही लिहिलेलं नाही. शेवटी माणूस किनाऱ्यावर गळ टाकून बसलाय आणि त्याच्या पाठीशी अजूनही कोरडा माळ आहे.

सड्यावरची
पाठीशी रखरखीत माळ, पुढ्यात समुद्र. अहो, हा आमचा मेमधला सडा झाला! काळा कातळ, वाळलेलं गवत, कड्यावर गरवणारे दोघंतिघं. मी रोज बघते आणि वाचताना लंडन डोळ्यासमोर आणत होते.

एक गोष्ट आत्ता बाबांकडून कळली, ती लिहिते. त्यांना परत पूर्ण म्हणायला लावलं. आधी मी गोष्ट अर्धीच लिहिली होती. प्रजापती "द" म्हणतो, विचारतो, कळलं का? देव सांगतात, कळलं, दाम्यत म्हणालात. त्यावर प्रजापती म्हणतो, "ओम्, कळलंय तुम्हाला." माणसांना तेच, असुरांना तेच. तिन्ही वेळा ओम्. बाबा म्हणाले, इथे ओम् म्हणजे नुसता होकार. बापाने तपासून दिलेली बरोबरची खूण.

मग मी एलियटचं परत बघितलं. ढग "द" म्हणतो, माणूस आपलं काहीबाही सांगतो, आणि पुढचा "द" येतो. कळलं का, असं कुणी विचारत नाही आणि बरोबर आहे, असंही कुणी म्हणत नाही. शेवटची ओळ शांतिः तीनदा. आपण शांतिपाठ म्हणतो तेव्हा ओम् शांतिः शांतिः शांतिः म्हणतो. त्याच्याकडे ओम् नाही.

जुनी पोथी
इतकी वर्षं दोन्ही वाचतोय, ही जोडणी माझ्या ध्यानात आली नव्हती. छांदोग्यातही ओम् हे अनुमतीचं अक्षर म्हटलंय, तेव्हा वडिलांचा अर्थ पक्का.

बाकावरचा_शेवटचा
थांबा थांबा. जे लिहिलंच नाही त्यावरून अर्थ काढायला लागलो तर मी माझ्या किराणाच्या यादीवर प्रबंध लिहीन. टिपेत त्याने म्हटलंय ना, की शांतिः तीनदा म्हणणं ही उपनिषदाची रीतसर समाप्ती आहे? मग त्याच्या लेखी समाप्ती पूर्ण झाली. ओम् घालायचं सुचलं नसेल.

केतकी
किराणाच्या यादीत मीठ नसलं तर काही कळत नाही. माशाच्या आमटीत नसलं तर लगेच कळतं. ज्या गोष्टीत ओम् तीनदा येतं ती गोष्ट घेतली आणि तेवढंच वगळलं, तर मूळ माहीत असलेल्याला चव लागणारच. त्याने ठरवून केलं हे मी सिद्ध करू शकत नाही. कवितेत मात्र तसं घडलंय.

रेवदंड्याची_रेवा
आणि कोण म्हणणार होतं ओम्? त्या कवितेत बाप कुठाय?

परशुरामपुत्र_७
हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. चोरी म्हणालो ते मागे घेतो. पण शांतिपाठ तर आरंभीही असतो, नुसता शेवटी नाही. ती टीप अर्धीच झाली.

जुनी पोथी
बरोबर बोललात. आरंभीही म्हणतात.

शुभांगी_मालवण
सड्यावरची, परीक्षेत ओम्-चं लिही. क्रमाचं दोन्ही बाजूंनी लिही, म्हणजे तपासणारा कुठल्याही पक्षाचा असला तरी चालेल.

सड्यावरची
तसंच करते. आत्ता इथे जोरात गडगडायला लागलंय आणि यावेळी खरंच मातीचा वास सुटलाय. मी बाबांना उत्साहाने म्हटलं, "बाबा, ऐका, द!"

म्हणाले, "दार लाव. पोथ्या भिजतील."

देवगड_पेटी
आमच्याकडे लाईट गेली. शेवटच्या चार पेट्या बाहेर हत, पळतंय.